फोटोतल्या नकाशावरून अंतर काढताना: छापलेलं प्रमाण कधी चालतं, कधी नाही

नकाशाप्रमाणाचं गणित तसं दोन ओळींचं असतं. कागदावरची लांबी पट्टीने मोजायची, प्रमाणाच्या छेदाने गुणायची, एकक बदलायचं. पण तोच स्वाध्याय फोनवर फोटो होऊन आला की पट्टी स्क्रीनवर ठेवली जाते, गुणाकार बरोबर केला जातो आणि उत्तर तरीही भलतंच येतं. चूक आकडेमोडीत नसते. नकाशा लहान किंवा मोठा झालेला असतो आणि त्याच्याखाली छापलेलं १:२५,००० मात्र होतं तसंच राहिलेलं असतं.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. स्वाध्यायात एक नकाशा आहे. त्याच्याखाली ‘प्रमाण १:२५,०००’ असं छापलं आहे आणि त्याच्या शेजारी २ किमीपर्यंतचं रेषाप्रमाण काढलं आहे. नकाशावर चौकोनांची जाळी आहे, प्रत्येक चौकोन प्रत्यक्षात १ किमी बाजूचा. आडवे चार आणि उभे तीन असे एकूण बारा चौकोन. प्रश्न असा: शाळा आणि पूल यांमधलं सरळ रेषेतलं अंतर किती?

आधी प्रश्न वाचा: लांबी दिली आहे की मोजायची आहे?

हे ठरवल्याशिवाय पट्टी हातात घेऊ नका. ‘नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर ७ सेमी आहे, प्रमाण १:२५,००० आहे, प्रत्यक्ष अंतर काढा’ असा प्रश्न असेल, तर फोटो लहान असो वा मोठा, काही फरक पडत नाही. ७ सेमी ही लांबी मूळ नकाशावरची म्हणून दिलेली आहे आणि प्रमाणही मूळ नकाशाचंच. सरळ गणित करा:

७ सेमी × २५,००० = १,७५,००० सेमी = १.७५ किमी

अशा प्रश्नाशेजारी कच्ची आकृती दिलेली असेल तर ती मोजायला जाऊ नका. ती प्रमाणात काढलेली नसण्याचीच शक्यता जास्त, आणि मोजलेली लांबी दिलेल्या लांबीशी जुळली नाही की विनाकारण गोंधळ होतो.

‘नकाशाचं निरीक्षण करून अंतर मोजा’ असं म्हटलं असेल तर मात्र तुम्ही मोजत आहात ती फोटोतली लांबी आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

एककांचं गणित आधी पक्कं करा

१:२५,००० याचा अर्थ एवढाच की कागदावरचं एक माप प्रत्यक्षातल्या त्याच २५,००० मापांइतकं आहे. दोन्ही बाजूंना एकच एकक असतं. म्हणून १ सेमी म्हणजे २५,००० सेमी. मीटर हवे असतील तर १०० ने भागायचं: २५० मी. किलोमीटर हवे असतील तर १,००,००० ने भागायचं: ०.२५ किमी.

सर्वांत जास्त चुका इथे, शून्यं उडवताना होतात. एका किलोमीटरमध्ये १,००० मीटर आणि एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून सेंटिमीटरवरून किलोमीटरला येताना पाच शून्यं जातात, तीन नव्हे. दरवेळी पाच शून्यं मोजत बसण्यापेक्षा गणित सुरू करण्याआधीच अंकप्रमाणाचं शब्दप्रमाण करून वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेलं बरं: ‘१ सेमीला २५० मी’. १:५०,००० असेल तर ‘१ सेमीला ५०० मी’, १:१०,००० असेल तर ‘१ सेमीला १०० मी’. एकदा ही ओळ लिहिली की पुढचा गुणाकार तोंडी होतो आणि उत्तर दहापटीने चुकलं तर लगेच डोळ्यांत भरतं.

उलट दिशेने, म्हणजे प्रत्यक्ष अंतरावरून कागदावरची लांबी काढताना, भागाकार करायचा. ९०० मी अंतराची रेघ १:२५,००० प्रमाणात काढायची आहे:

९०० मी ÷ २५० मी = ३.६ सेमी

गुणायचं की भागायचं याचा घोळ होत असेल तर सूत्र आठवण्यापेक्षा उत्तराकडे बघा. प्रत्यक्ष अंतर नेहमी कागदावरच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठं असायला हवं. नकाशावर काढायची लांबी म्हणून तुम्हाला अडीच किलोमीटर मिळाले असतील, तर क्रिया उलटी झाली आहे.

फोटोत नेमकं काय बदलतं

आपल्या नकाशाच्या मूळ छापील पानावर २ किमीची रेषा किती लांब असायला हवी? २ किमी म्हणजे २,००,००० सेमी, भागिले २५,०००, म्हणजे ८ सेमी. आता समजा, फोटो स्क्रीनवर उघडून तीच रेषा मोजली तर ती ५.६ सेमी भरते. म्हणजे चित्र मूळच्या ०.७ पट झालं आहे. रेषाप्रमाण चित्राचाच भाग असल्यामुळे तेही तेवढंच लहान झालं. ‘१:२५,०००’ ही मात्र अक्षरं आहेत. अक्षरांचा आकार लहान झाला तरी त्यांतली किंमत बदलत नाही.

‘१ सेमीला २५० मी’ असं शब्दप्रमाण छापलेलं असेल तर त्याचीही हीच गत. आकार बदलल्यावर अंकप्रमाण आणि शब्दप्रमाण दोन्ही खोटी ठरतात, टिकतं ते फक्त रेषाप्रमाण. म्हणून फोटोवर मोजायचं असेल तर छापलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष करा आणि रेषाप्रमाण शोधा. कोणी फोटो काढताना नकाशाचा खालचा भाग कापला असेल, तर मोजायला बसण्याआधी पूर्ण पानाचा फोटो मागवा.

हा घोळ फोटोपुरताच नाही. कधीकधी पुस्तकातच नकाशा पानात बसावा म्हणून लहान करून छापलेला असतो आणि खालचा आकडा जुन्या आकाराचा राहतो. तपासणं सोपं आहे. रेषाप्रमाण अंकप्रमाणानुसार किती सेमी असायला हवं ते काढा (इथे ८ सेमी) आणि छापील पानावर मोजा. जुळलं नाही तर पुस्तकातही रेषाप्रमाणावरच विसंबायचं.

मोजणी, एकेक पायरी

१. फोटो अशा आकारात उघडा की शाळा, पूल आणि रेषाप्रमाण तिन्ही एकाच वेळी दिसतील. यानंतर चित्र लहानमोठं करायचं नाही. रेषाप्रमाण एका आकारात आणि अंतर दुसऱ्या आकारात मोजलं की गणित तिथेच संपलं. फोनवर हे फार सहज होतं, कारण बोट लागलं तरी चित्र मोठं होतं. शक्य असेल तर संगणकाच्या स्क्रीनवर मोजा किंवा फोटोची प्रिंट काढा. प्रिंट कोणत्या आकारात निघाली याची चिंता नको, कारण रेषाप्रमाणही त्याच आकारात निघतं.

२. रेषाप्रमाणावरचं शून्य शोधा. हे सांगण्याचं कारण असं की अनेक नकाशांवर शून्य पट्टीच्या डाव्या टोकाला नसतं. शून्याच्या उजवीकडे पूर्ण किलोमीटरचे मोठे भाग असतात आणि डावीकडे एक जादा भाग असतो, त्याचे लहान तुकडे पाडलेले असतात. आपल्या नकाशात डावीकडे ५०० मी लांबीचा भाग आहे, १०० मी च्या पाच तुकड्यांचा. म्हणजे संपूर्ण पट्टी २.५ किमीची आहे आणि स्क्रीनवर ती ७ सेमी भरते. शून्यापासून २ पर्यंतचा भाग ५.६ सेमी. मोजायचा तो हा ५.६ चा भाग.

३. दोन ठिकाणांमधलं अंतर मोजा. चिन्हाच्या मध्यापासून चिन्हाच्या मध्यापर्यंत मोजायचं, नावाच्या अक्षरांपासून नाही. पट्टी स्क्रीनवर ठेवून मोजत असाल तर डोळा वाचायच्या खुणेच्या अगदी समोर आणा. काचेच्या जाडीमुळे तिरक्या नजरेने पाहिलं की एखादा मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो. (कर्कटक स्क्रीनवर टेकवायचा मोह आवरा. कागदाची सरळ कडा लावून तिच्यावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या तरी तेच काम होतं.) समजा, इथे ४.९ सेमी मिळाले.

४. आता गुणोत्तर लावा:

प्रत्यक्ष अंतर = (मोजलेली लांबी ÷ रेषाप्रमाणाची मोजलेली लांबी) × रेषाप्रमाणावर लिहिलेलं अंतर

= (४.९ ÷ ५.६) × २ किमी = ०.८७५ × २ = १.७५ किमी

उत्तरात सेंटिमीटर उरलेच नाहीत, कारण सेमी भागिले सेमी झालं. त्यामुळे लांबी मिलिमीटरमध्ये मोजली, इंचात मोजली किंवा वहीच्या चौकटींत मोजली तरी चालेल. दोन्ही लांब्या एकाच एककात हव्यात, एवढंच.

५. पडताळा घ्या. १.७५ किमी अंतर मूळ नकाशावर १.७५ ÷ ०.२५ = ७ सेमी असायला हवं. फोटो ०.७ पट आहे, म्हणजे स्क्रीनवर ७ × ०.७ = ४.९ सेमी. जुळलं.

याच फोटोवर ९०० मी ची रेघ दाखवायची असेल तर ती ३.६ सेमी काढून चालणार नाही. स्क्रीनवर किंवा त्या आकाराच्या प्रिंटवर ती (९०० ÷ २,०००) × ५.६ = २.५२ सेमी, म्हणजे साधारण अडीच सेमी होईल. ३.६ सेमी फक्त मूळ आकाराच्या कागदावर.

पट्टीऐवजी पिक्सेल

संगणकावर कुठल्याही साध्या चित्र-संपादकात फोटो उघडला की माऊसच्या टोकाचे निर्देशांक खाली कोपऱ्यात दिसतात. पट्टी स्क्रीनवर धरण्यापेक्षा हे जास्त अचूक, आणि चित्र लहानमोठं केलं तरी हे आकडे बदलत नाहीत, कारण ते फाइलमधल्या ठिपक्यांचे असतात.

रेषाप्रमाणाचं शून्य (४२०, १४००) वर आणि २ ची खूण (१२२०, १४००) वर आहे असं धरू. म्हणजे २ किमी = ८०० पिक्सेल. शाळा (३१०, ४८०) वर, पूल (७३०, १०४०) वर. आडवा फरक ४२०, उभा फरक ५६०. रेघ तिरकी असल्यामुळे पायथागोरसचं प्रमेय लावायचं:

√(४२०² + ५६०²) = √(१,७६,४०० + ३,१३,६००) = √४,९०,००० = ७००

(७०० ÷ ८००) × २ = १.७५ किमी

उभा निर्देशांक वरून खाली वाढतो हे पाहून काहीजण गोंधळतात. वर्ग केल्यावर चिन्ह राहत नाही, म्हणून त्याने फरक पडत नाही. खरी काळजी वेगळी: सगळे बिंदू एकाच फाइलमधून घ्या. तोच फोटो संदेशातून पुढे पाठवला की अनेकदा ॲप त्याचे पिक्सेल कमी करतं. रेषाप्रमाण तुमच्या फाइलमधलं आणि अंतर मित्राला मिळालेल्या फाइलमधलं घेतलं, तर उत्तराला काहीच अर्थ राहत नाही.

तिरका फोटो हा खरा शत्रू

आतापर्यंत गृहीत धरलं की चित्र सगळीकडे सारखंच लहान झालं आहे. फोन पानाला समांतर धरला असेल तरच हे खरं. बसल्या जागेवरून टेबलावरच्या पुस्तकाचा फोटो काढला की पानाची खालची बाजू कॅमेऱ्याजवळ असते आणि वरची लांब. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. रेषाप्रमाण बहुतेक वेळा खाली असतं, म्हणजे ते मोठं दिसतं. मोजायचं अंतर वर असेल तर ते लहान दिसतं. परिणामी उत्तर कमी येतं, आणि गुणोत्तराची पद्धत अगदी बरोबर वापरूनही कमी येतं.

हे ओळखायला नकाशाची चौकट मोजा. आपल्या नकाशाची चौकट आडवी ४ किमी आणि उभी ३ किमी आहे. सरळ फोटोत ती स्क्रीनवर ११.२ सेमी × ८.४ सेमी भरायला हवी, वरची आणि खालची बाजू सारखी, डावी आणि उजवी सारखी, आणि दोन्ही कर्ण १४ सेमी. समजा, खालची बाजू ११.२ पण वरची १०.४ सेमी भरली. वरच्या कडेला चित्र सुमारे ७ टक्के लहान आहे. तिथल्या आडव्या १.७५ किमीच्या अंतराचं उत्तर १.६३ च्या आसपास येईल. उभ्या अंतरांचं तर आणखी बिघडतं, कारण तिरक्या नजरेत उभी लांबी वेगळ्याच प्रमाणात आखडते. म्हणून सगळ्या उत्तरात सरसकट ७ टक्के मिळवून हिशेब जुळवण्याचा प्रयत्न करू नका.

पहिला उपाय: फोटो पुन्हा काढा. पुस्तक सपाट ठेवा, फोन बरोबर वर आणि पानाला समांतर धरा. अगदी जवळून काढू नका. थोडं वरून काढून नंतर कापलेलं चांगलं, कारण जवळून काढताना फोन किंचित कलला तरी बिघाड मोठा होतो आणि कडेच्या सरळ रेघाही बाक घेतात. जाड पुस्तकात शिवणीजवळ पान वळतं, तिथे अंतरं दबून लहान दिसतात. ते पान हाताने सपाट दाबून धरावं लागतं. फोटो घेतल्यानंतर त्यावर काही करून हा बाक नीट जात नाही.

दुसरा उपाय म्हणजे कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप. ते पानाचे चार कोपरे ओळखून चित्र ताणून सरळ आयत करतं. चांगलं काम करतं, पण एक खोडी आहे. काही वेळा ते चित्र ठरावीक आकाराच्या पानात बसवतं. मग चौकट दिसते सुरेख काटकोनी, पण आडवं आणि उभं प्रमाण वेगळं झालेलं असतं. म्हणून समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या एवढ्यावर थांबू नका. जाळीतला एक चौकोन मोजा. आडवी आणि उभी बाजू सारखी नसेल तर चित्र ताणलं गेलं आहे.

जाळी असेल तर तिरक्या फोटोतूनही सुटका आहे

नवा फोटो मिळण्यासारखा नसेल आणि नकाशावर जाळी असेल, तर अंतर मोजूच नका. दोन्ही ठिकाणांचं जाळीतलं स्थान वाचा. प्रत्येक ठिकाण ज्या चौकोनात आहे त्या चौकोनाच्याच बाजूंशी त्याची तुलना करायची. तो चौकोन फोटोत लहान दिसत असेल तर ठिकाणाची जागाही तेवढ्याच प्रमाणात आखडलेली असते, म्हणून अपूर्णांक जवळपास बरोबर येतो.

डावीकडचा खालचा कोपरा शून्य धरा. शाळा पहिल्याच उभ्या पट्ट्यात आहे, डाव्या रेघेपासून चौकोनाच्या रुंदीच्या ०.३ भागावर, आणि खालून दोन चौकोन सोडून तिसऱ्यात ०.१ वर. म्हणजे पूर्वेकडे ०.३, उत्तरेकडे २.१. पूल पूर्वेकडे १.३५, उत्तरेकडे ०.७. पूर्वेचा फरक १.०५ किमी, उत्तरेचा १.४ किमी.

√(१.०५² + १.४²) = √(१.१०२५ + १.९६) = √३.०६२५ = १.७५ किमी

यात रेषाप्रमाण लागलं नाही, पट्टीसुद्धा फक्त चौकोनाच्या आतला अपूर्णांक काढण्यापुरती लागली. डोळ्यांनी दहावा भाग ठरवायची सवय झाली की तीही लागत नाही. जाळी आहे तिथे आधी हीच पद्धत वापरावी. रेषाप्रमाणाचं उत्तर पडताळ्याला ठेवावं.

चुकीचं उत्तर पाहून चूक ओळखणं

आपल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर १.७५ किमी. वेगवेगळ्या चुका वेगवेगळे आकडे देतात, म्हणून उत्तरावरून माग काढता येतो. १.२२५ किमी आलं असेल तर स्क्रीनवरच्या ४.९ सेमीला थेट २५,००० ने गुणलं आहे. १.४ किमी आलं असेल तर रेषाप्रमाणाची पूर्ण ७ सेमी पट्टी २ किमी धरली, शून्याकडे पाहिलं नाही. १२२.५ किमी आलं तर आकार बदलल्याची चूक आहेच, शिवाय सेमीचे किमी करताना पाचऐवजी तीनच शून्यं गेली. आणि सगळं नीट करूनही १.६ च्या आगेमागे घुटमळत असेल तर चौकट मोजा, फोटो तिरका आहे.

‘नकाशाचं प्रमाण काढा’ असा प्रश्न असेल तेव्हा आणखी एक खूण मिळते. प्रत्यक्ष अंतर १.७५ किमी दिलं आहे आणि नकाशावरची लांबी मोजायची आहे. स्क्रीनवर ४.९ सेमी मोजून १,७५,००० ÷ ४.९ केलं की १:३५,७१४ असं प्रमाण येतं. हे त्या स्क्रीनवरच्या चित्रासाठी अगदी खरं आहे! पण छापील नकाशे बहुधा १:१०,०००, १:२५,०००, १:५०,००० अशा गोल आकड्यांच्या प्रमाणात असतात. असा वेडावाकडा छेद आला तर तो नकाशाचा नसून फोटोच्या आकाराचा आहे असं समजा. अशा प्रश्नाला फोटोवरून उत्तर देता येत नाही. मूळ पान मोजावं लागतं, किंवा मूळ पानावरची एखादी लांबी, निदान पानाची रुंदी, माहीत असावी लागते.

क्षेत्रफळ विचारलं असेल तर

नकाशावर एक आयताकृती बाग आहे, स्क्रीनवर २.१ सेमी × १.४ सेमी. आधी सेमीमध्ये क्षेत्रफळ काढून मग प्रमाणाने गुणायचा मोह होतो आणि तिथे प्रमाणाचा वर्ग करायचं राहून जातं. त्यापेक्षा आधी बाजूंची प्रत्यक्ष लांबी काढा, मग गुणा. (२.१ ÷ ५.६) × २ = ०.७५ किमी, (१.४ ÷ ५.६) × २ = ०.५ किमी. क्षेत्रफळ ०.७५ × ०.५ = ०.३७५ चौ. किमी.

लांबीतली चूक क्षेत्रफळात कितीतरी वाढते. छापलेलं १:२५,००० स्क्रीनवर लावलं असतं तर बाजू ५२५ मी आणि ३५० मी आल्या असत्या, प्रत्येकी ३० टक्के कमी. क्षेत्रफळ मात्र ०.१८४ चौ. किमी, म्हणजे खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी.

वळणाचा रस्ता

रस्त्याने किंवा नदीकाठाने अंतर विचारलं असेल तर कागदावर दोरा वापरतात. स्क्रीनवर दोरा घसरतो, म्हणून वळण लहान लहान सरळ तुकड्यांत तोडा, कागदाच्या कडेवर एकेका तुकड्याची खूण पुढे पुढे घेत जा आणि शेवटी पूर्ण लांबी रेषाप्रमाणाला लावा. हे माप नेहमी थोडं कमीच येतं, कारण प्रत्येक तुकडा वळणाला छेद देऊन जातो. तुकडे लहान केले की फरक कमी होतो.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं

पट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरचा फरक गृहीत धरावाच लागतो. आपल्या स्क्रीनवर १ सेमी म्हणजे सुमारे ३५७ मी, तेव्हा अर्धा मिमी म्हणजे जवळपास १८ मी. म्हणून कॅल्क्युलेटरने १.७५३२ दाखवलं तरी १.७५ किमी लिहायचं. शेवटचे दोन अंक मोजणीतून आलेलेच नाहीत. दुसऱ्या कोणाला १.७३ किंवा १.७७ मिळालं तर त्यांचंही बरोबर धरावं. एवढा फरक पट्टीचा आहे.

ही सगळी पद्धत गाव, तालुका अशा लहान प्रदेशाच्या नकाशासाठी आहे. एका पानावर अख्खं जग दाखवणाऱ्या नकाशात प्रमाण सगळीकडे सारखं नसतंच, फोटो कितीही सरळ काढला तरी. मर्केटर प्रक्षेपणावरच्या नकाशात ६० अंश अक्षवृत्तावर लांबी विषुववृत्ताजवळच्या लांबीच्या दुप्पट दिसते. तिथे विषुववृत्तासाठीचं रेषाप्रमाण वापरून उत्तरेकडचं अंतर काढलं तर ते दुपटीने जास्त येईल. अशा नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर हवं असेल तर पट्टी बाजूला ठेवून अक्षांशांमधला फरक वाचा आणि प्रत्येक अंशाला सुमारे १११ किमी धरा.